‘सर, एक विचारू का?’ याला उत्तर काय लिहावं?

सोयाबीनच्या दिवसांत परभणी-लातूरकडच्या कुठल्याही कृषी सहाय्यकाच्या फोनवर रात्री असा निरोप येतो: ‘सर, एक विचारू का?’ पुढं काहीच नाही. सर सकाळी ‘विचारा’ लिहितात, तोवर शेतकरी रानात गेलेला असतो. प्रश्न येतो दुपारी: ‘पानं पिवळी पडायलीत, काय मारू?’

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ इमॅन्युएल शेग्लॉफ यांनी 1980 मध्ये नेमक्या याच सवयीवर निबंध लिहिला. ध्वनिमुद्रित संभाषणं तपासताना त्यांना दिसलं, की परवानगी मिळाल्यावर बरेचदा लगेच प्रश्न येतच नाही. आधी पार्श्वभूमी येते: कुठं, कधी, काय झालं. म्हणजे ‘विचारू का’ म्हणणारा माणूस बोलायला जागा राखून ठेवतो. आता जे सांगतोय तो प्रश्न नव्हे, मध्ये उत्तर देऊ नका, असं तो सुचवतो.

समोरासमोर याला काहीच खर्च नाही. 2009 मध्ये दहा भाषांवर झालेल्या एका अभ्यासात प्रश्न आणि उत्तर यांतलं अंतर सरासरी 200 मिलीसेकंदांच्या आसपास, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग निघालं. फोनवर लिहिताना त्याची रात्र होते. शिवाय लिहिताना मध्ये तोंड घालणारं कुणी नसतं, म्हणून जागा राखायची गरजही उरत नाही. सवय मात्र राहते, कारण तिच्यात अदबही आहे. म्हणूनच ‘थेट विचारत जा’ हे उत्तर मनाला लागतं.

नुसतं ‘विचारा’ लिहिलं तर पार्श्वभूमी गळते आणि प्रश्न तेवढा येतो, वर पाहिलं तसं. पिवळेपणाची कारणं तर अनेक. नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता असू शकते. चुनखडीच्या जमिनीत ती नेहमी दिसते. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्राचा संशय. पानावर हिरवे-पिवळे वेडेवाकडे ठिपके असतील तर पिवळा मोझॅक, जो पांढरी माशी पसरवते. तिन्हींचे उपाय वेगळे, त्यामुळं ‘काय मारू’ला एका ओळीत उत्तर नाही.

म्हणून परवानगी देतानाच राखलेली जागा उघडून द्यावी: ‘हो, विचारा की. पिकाचं असेल तर पेरणी कधीची, नवीन पानं की जुनी, ते लिहा आणि पानाचा जवळून फोटो टाका. सकाळी आठला बघून सांगतो.’ शेवटचं वाक्य विसरू नये. वेळ कळली की वाट बघणारा फोन खाली ठेवतो.

पण हे सगळीकडं चालत नाही. उसने पैसे, घरातलं भांडण अशा गोष्टींत हीच यादी उलटतपासणीसारखी वाटते. तिथं ‘बोला ना, फोन करू का?’ एवढंच बरं. ओळखायचं कसं? एरवी सरळ ‘काय मारू’ म्हणणारा माणूस आज परवानगी मागत असेल, तर गोष्ट बहुधा सोयाबीनची नाही.