बंद पडलेल्या लॅपटॉपचा दिवा का लुकलुकतो?

पावसाळा लागला की म्हापसा-फोंड्याच्या दुरुस्तीच्या दुकानांत एक तक्रार हमखास येते. बटण दाबलं की पंखा फिरतो, पडदा काळाच राहतो आणि कडेचा छोटा दिवा नारंगी-पांढरा लुकलुकत राहतो. गिऱ्हाइकाला वाटतं, चार्जिंगचं काहीतरी असेल. खरं म्हणजे मशीन कुठे अडलं हे तो दिवा सांगत असतो, आणि असं सांगायची रीत चाळीस वर्षांहून जुनी आहे.

संगणक चालू झाल्यावर आधी स्वतःची तपासणी करतो: प्रोसेसर, मेमरी, मग डिस्प्ले. पंचाईत अशी की पडद्यावर काही लिहायचं तर मेमरी आणि डिस्प्ले दोन्ही धड असावे लागतात. तेच बिघडले असतील तर निरोप द्यायचा कशावर? १९८१च्या आयबीएम पीसीने त्यासाठी स्पीकर वापरला. एक छोटी शिट्टी म्हणजे सगळं ठीक, एक लांब आणि दोन छोट्या म्हणजे डिस्प्लेत गडबड. यातून ढोबळ बिघाड कळायचा, पण बारकावे सांगायला शिट्ट्या अपुऱ्या पडायच्या.

१९८४ साली आलेल्या आयबीएम एटीमध्ये दोन गोष्टी आल्या आणि दोन्ही पुढे लॅपटॉपच्या कामी आल्या. पहिली म्हणजे बायोस, मशीन सुरू करणारा बोर्डवरचा प्रोग्राम, तपासणीच्या टप्प्याटप्प्याला एक आकडा पोर्ट 80h या ठरलेल्या पत्त्यावर लिहू लागला. त्या पोर्टवर कान ठेवणारं, दोन अंक दाखवणारं कार्ड स्लॉटमध्ये खोचलं की मशीन ज्या आकड्यावर थांबलं तोच टप्पा अडला असं समजायचं. सुरुवातीच्या या तपासणीचं नाव पोस्ट, म्हणून दुकानदार त्याला पोस्ट कार्ड म्हणतात आणि जुन्या डेस्कटॉपसाठी ते अजूनही विकलं जातं. दुसरी गोष्ट कीबोर्डवरचे कॅप्स लॉक, नम लॉक आणि स्क्रोल लॉकचे दिवे. हे दिवे आपण कळ दाबली म्हणून लागत नाहीत. कळ दाबल्याची खबर संगणकाला मिळते आणि दिवा लावायचा हुकूम संगणक देतो. म्हणजे कोणीही कळ न दाबता संगणकाला तो स्वतःहून पेटवता येतो.

लॅपटॉपला पोस्ट कार्ड खोचायला स्लॉट नाही, मग त्याने हेच दिवे हाताशी धरले. त्यामागे आणखी एक भक्कम कारण आहे. लॅपटॉपच्या बोर्डवर एम्बेडेड कंट्रोलर नावाची एक वेगळी चिप असते. दुरुस्तीवाले तिला ईसी म्हणतात. चार्जर किंवा बॅटरी लागलेली असली की लॅपटॉप बंद असतानाही तिला वीज मिळत असते. पॉवरचं बटण तिच्याकडे जातं, बोर्डवरचे वेगवेगळे वीजपुरवठे क्रमाने तीच सुरू करवते, कीबोर्ड आणि बरेचसे दिवेही तिच्याच ताब्यात असतात. मग प्रोसेसर जागा होतो, बायोस चालू होतो आणि ईसी त्याच्या निरोपाची वाट बघते. ठरलेल्या वेळात निरोप आला नाही, किंवा बिघाडाचा निरोप आला, की ती दिवा लुकलुकवू लागते. घरातली बाकीची मंडळी झोपलेली असताना गडी जागा असावा, तसं हे.

सुरुवातीच्या काही लॅपटॉपांत, विशेषतः डेलच्या जुन्या लॅटिट्यूडमध्ये, तिन्ही लॉकचे दिवे मिळून संकेत द्यायचे. प्रत्येक दिवा लागलेला, विझलेला किंवा लुकलुकणारा. तीन दिव्यांचे मिळून २७ प्रकार होतात. पुढे कीबोर्ड आटोपशीर झाले, स्क्रोल लॉक गेला, लहान मशीनवरून नम लॉकही गेला. उरलेल्या दिव्याची लुकलुक मोजायची पद्धत आली. एचपीच्या जुन्या मॉडेलांच्या तक्त्यात कॅप्स लॉक एकदा लुकलुकला तर प्रोसेसर, दोनदा म्हणजे बायोस, तीनदा म्हणजे मेमरी. पण आकडा वाढला की माणूस मोजायला चुकतो, म्हणून नंतर दोन रंग आले. पहिल्या रंगाची मोजणी बिघाडाचा गट सांगते, दुसऱ्या रंगाची त्या गटातली नेमकी बाब. एचपीच्या काही मशीनवर तांबडा आणि पांढरा, डेलकडे नारंगी आणि पांढरा. लेनोवोने मधल्या काळात काही थिंकपॅडमध्ये फोनवरच्या अ‍ॅपला ओळखता येईल असा सूर वाजवण्याचा प्रयोग केला. कल्पना चांगली होती, पण दिवा बघायला अ‍ॅप लागत नाही.

आता एक संकेत नीट वाचून बघू. समजा, बऱ्याच डेल मॉडेलांवर दिसणारा नारंगी दोन, पांढरा तीन. तक्त्याप्रमाणे अर्थ असा की मेमरी सापडली नाही. आधी फोनवर व्हिडिओ काढावा आणि सावकाश मोजावं. दोन फेऱ्यांमधल्या विरामापासून मोजायला सुरुवात केली नाही तर दोन-तीनचा तीन-दोन होतो आणि भलताच भाग बदलला जातो.

मेमरी सापडली नाही म्हणजे मेमरी मेली असं नव्हे. गोव्यात दमट, खारट हवा आहे आणि पावसाळ्यात लॅपटॉप महिनाभर न उघडता पडून राहतो. अशा वेळी मेमरीच्या, म्हणजे रॅमच्या, कडेच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर चढून संपर्क तुटतो. म्हणून चार्जर काढावा, मागचं झाकण उघडून बॅटरीची पिन सोडवावी, पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून ठेवावं. रॅमच्या दोन्ही बाजूंच्या क्लिपा बाहेर ओढल्या की रॅमची पट्टी तिरपी वर येते. तिच्या कडेच्या सोनेरी पट्ट्या मऊ पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसाव्यात, कचरा झटकावा, आयसोप्रोपाइल अल्कोहोलने शेवटचा हात फिरवावा आणि पूर्ण सुकू द्यावं. पॉलिश पेपर अजिबात लावू नये, सोन्याचा मुलामा निघून जातो.

मग रॅमची एकच पट्टी एका स्लॉटमध्ये बसवून बघावी, नंतर दुसऱ्या. पट्टी जाईल तिथे संकेत जात असेल तर पट्टी खराब. पट्टी कुठलीही असली तरी एकाच स्लॉटमध्ये संकेत येत असेल तर तो स्लॉट संशयित. दुसऱ्या चालू मशीनमधली, त्याच प्रकारची पट्टी दोन्ही स्लॉटमध्ये लावूनही दोन-तीनच येत राहिला, तर बिघाड बोर्डात किंवा प्रोसेसरच्या मेमरी कंट्रोलरमध्ये आहे. तक्ता ज्याला मेमरीचा संकेत म्हणतो, तो मुळात मेमरीच्या टप्प्यावर अडल्याचा संकेत असतो.

इथे उतावीळपणा नडतो. रॅम काढून बसवल्यावर पहिल्यांदा मशीन मेमरीचे ताळमेळ नव्याने जुळवतं. डीडीआर५ या नव्या प्रकारची रॅम असेल तर त्याला मिनिटभर किंवा जास्तही लागू शकतं आणि तोवर पडदा काळाच असतो. लुकलुक नसेल तर तेवढं थांबावं, बटण दाबून बंद करू नये.

एकच तक्ता सगळ्यांना लावता येत नाही. त्याच कंपनीच्या जुन्या आणि नव्या मॉडेलचे संकेतही वेगळे असतात, म्हणून मशीनच्या खालच्या बाजूचं मॉडेल बघून त्याचं सर्व्हिस मॅन्युअल उघडावं. लिनक्स सुरू होऊन गेल्यावर कॅप्स लॉक लुकलुकू लागला तर तो कर्नल पॅनिक, म्हणजे लिनक्सचा गाभाच कोसळल्याचा संकेत, असू शकतो. त्याचा या तक्त्यांशी संबंध नाही. आणि एकही दिवा लागत नसेल, चार्जर लावूनही, तर ईसीलाच वीज मिळत नाही असं धरून आधी चार्जर, मग चार्जिंगची पिन आणि मग बोर्डवरचा स्टँडबाय पुरवठा तपासावा लागतो.

बारीक लॅपटॉपांत हल्ली रॅम बोर्डलाच सोल्डर केलेली असते. तिथे दोन-तीन आला तर खोडरबराचा उपयोग नाही. काम बोर्ड दुरुस्त करणाऱ्याकडेच जातं.