पल्स देऊन सुटायचं, धरून बसायचं नाही : थ्री फेज मोटर, कॉन्टॅक्टर आणि मायक्रोकंट्रोलर

पाच व्होल्टचं रिले मॉड्यूल, एक ईएसपी३२ आणि मोबाइल. एवढ्या सामानात विहिरीवरची मोटर घरबसल्या चालू करून दाखवणारे व्हिडिओ सध्या भरपूर दिसतात. त्यातल्या बऱ्याच जोडण्यांत रिलेचा संपर्क थेट कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे मोटरची वीज जोडणाऱ्या मोठ्या विद्युतचुंबकी स्विचच्या, कॉइलला जोडलेला असतो. पिन ‘हाय’ असेपर्यंत मोटर चालू, ‘लो’ केली की बंद. टेबलावर हे छान चालतं. बांधावर मात्र याच जोडणीमुळे कॉन्टॅक्टरचे संपर्क चिकटतात आणि मोटर जळते. याचं कारण समजायला साधा डीओएल, म्हणजे मोटर थेट लाइनवर जोडणारा, स्टार्टर आतून काय करतो ते आधी बघू.

हिरवं बटण दाबल्यावर कॉइलला वीज मिळते, लोखंडी गाभा खाली ओढला जातो आणि तिन्ही फेजचे संपर्क जुळतात. त्याच हालचालीत एक छोटा जादा संपर्कही जुळतो. त्याच्या टर्मिनलांवर बहुधा १३ आणि १४ असे आकडे असतात. हा संपर्क हिरव्या बटणाला समांतर जोडलेला असतो, म्हणून बोट काढलं तरी कॉइलला त्याच्यातून वीज मिळत राहते. कॉन्टॅक्टर स्वतःच स्वतःला धरून ठेवतो. वायरमन याला ‘होल्डिंग’ म्हणतात. ही तारांनी बनवलेली एका बिटची स्मृती आहे आणि तिचा सगळ्यात मोलाचा गुण म्हणजे विसरणं. वीज गेली, लाल बटण दाबलं किंवा जास्त प्रवाहाने आतली पट्टी तापून ओव्हरलोड रिलेने वाट तोडली, की क्षणभरात होल्डिंग सुटतं. मग कोणीतरी पुन्हा ‘चालू’ म्हणेपर्यंत मोटर बंदच राहते.

या विसरण्याची खरी किंमत व्होल्टेज पडल्यावर कळते. ५ एचपीची, म्हणजे ३.७ किलोवॅटची मोटर ४१५ व्होल्टवर पूर्ण भाराला साधारण साडेसात अँपिअर घेते. सुरू होताना मात्र काही क्षण त्याच्या सहापट, म्हणजे ४५ अँपिअरच्या आसपास. डीपीपासून विहिरीपर्यंत लांब आणि बारीक केबल असेल तर एवढ्या प्रवाहाने व्होल्टेज खाली बसतं. कॉन्टॅक्टरची कॉइल तिच्या लिहिलेल्या व्होल्टेजच्या ८५ टक्क्यांवर उचलण्याची हमी असते. सोडते मात्र बरंच खाली, निम्म्याच्या आसपास. समजा सुरू होताना व्होल्टेज त्या पातळीखाली गेलं. होल्डिंग असेल तर कॉन्टॅक्टर एकदा सुटतो आणि शांत बसतो. रिले सतत धरून ठेवली असेल तर काय होतं? कॉन्टॅक्टर सुटला की मोटरचा प्रवाह थांबतो, लगेच व्होल्टेज वर येतं, कॉइल पुन्हा उचलते, पुन्हा ४५ अँपिअर, पुन्हा व्होल्टेज खाली. सेकंदाला कित्येकदा हे चालतं आणि बाहेर ‘घर्रर्र’ आवाज येतो. दर वेळी संपर्कांमध्ये ठिणगी पडते, चांदीच्या मिश्रधातूचा पृष्ठभाग वितळतो आणि शेवटी संपर्क एकमेकांना चिकटतात.

कॉइललाही हा खेळ झेपत नाही. एसी कॉइलमध्ये गाभा उघडा असताना हवेची फट मोठी असते, त्यामुळे इंडक्टन्स कमी आणि प्रवाह जास्त. गाभा मिटला की इंडक्टन्स वाढतो आणि प्रवाह घटतो. या आकाराच्या कॉन्टॅक्टरला उचलताना साधारण ७० व्हीए लागतात, धरून ठेवायला ७ ते ८. घरघरणारी कॉइल वारंवार त्या ७० व्हीएच्या अवस्थेत जाते, म्हणून तापून जळते. असा स्टार्टर वारंवार गेला की कुणी लिंबू-मिरची टांगतो, कुणी ‘मोटर कधीच जळणार नाही’ अशी हमी देणारा महागडा स्मार्ट डबा आणतो. व्होल्टमीटर लावून सुरू होतानाचं व्होल्टेज मोजलं तर दोन मिनिटांत कारण सापडतं.

म्हणून मायक्रोकंट्रोलरने बोटाचं काम करावं, होल्डिंगचं काम तारांकडेच ठेवावं. त्यासाठी दोन रिले लागतात. पहिली ‘स्टार्ट’ रिले. तिचा एनओ, म्हणजे एरवी उघडा असणारा, संपर्क हिरव्या बटणाला समांतर लावायचा आणि तिला फक्त ४०० मिलिसेकंदांचा पल्स द्यायचा. कॉन्टॅक्टर सहसा २०–३० मिलिसेकंदांत उचलतो, त्यामुळे हा वेळ भरपूर आहे. दुसरी ‘परवानगी’ रिले. तिचाही एनओ संपर्क, पण लाल बटणाबरोबर सिरीजमध्ये. मोटर चालायची तेवढा वेळ ही रिले उचललेली ठेवायची आणि बंद करताना सोडायची. बंद करण्यासाठी एनसी, म्हणजे एरवी मिटलेला, संपर्कही वापरता येतो, पण मग कंट्रोलरचा पुरवठा गेला तर मोटर चालूच राहील आणि टाकी वाहत राहील. परवानगी रिलेत तसं होत नाही: कंट्रोलर मेला की मोटर थांबते. हातानेही चालवता यावं म्हणून परवानगीच्या संपर्काला बगल देणारा हॅन्ड-ऑटो सिलेक्टर बसवा.

कॉइलपर्यंतची वाट अशी होते: कंट्रोल फ्यूज, ओव्हरलोड रिलेचा ९५-९६ हा एनसी संपर्क, लाल बटण, परवानगी संपर्क, मग हिरवं बटण, स्टार्ट रिले आणि १३-१४ हे तिघं एकमेकांना समांतर, आणि शेवटी कॉइल. ९५-९६ कायम तारेतच राहिला पाहिजे. ‘ट्रिप झाल्याचं कंट्रोलरला कळतंच, तोच बंद करेल’ असं म्हणून तो कॉइलच्या वाटेतून काढू नका. प्रोग्राम अडकू शकतो, बायमेटलची पट्टी नाही.

इथे एक धोका बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. शेतीच्या स्टार्टरमध्ये कॉइल बहुधा ४१५ व्होल्टची असते आणि ती दोन फेजच्या मध्ये जोडलेली असते, कारण विहिरीवर भरवशाचा न्यूट्रल नसतो. बाजारातल्या निळ्या रिले मॉड्यूलवर २५० व्होल्ट एसी लिहिलेलं असतं. तिच्या संपर्कांतलं अंतर आणि सर्किट बोर्डावरच्या रेषांमधली जागा ४१५ व्होल्टसाठी नसते. कॉइल २३० व्होल्टची बदलून घ्या आणि तिला ४१५/२३० व्होल्टच्या, १०० व्हीएच्या कंट्रोल ट्रान्सफॉर्मरवरून पुरवठा द्या. अर्थिंगच्या सळईला न्यूट्रल म्हणून वापरू नका. त्या सळईच्या आसपासची ओली जमीन आणि पंपाचं कवच जिवंत होऊ शकतं.

आता कंट्रोलरला दोन गोष्टी कळल्या पाहिजेत: कॉन्टॅक्टर खरोखर उचलला का, आणि ओव्हरलोड ट्रिप झाला का. पहिलीसाठी कॉन्टॅक्टरवर जादा एनओ ब्लॉक बसवा. १३-१४ होल्डिंगमध्ये गुंतलेला आहे. दुसरीसाठी ओव्हरलोड रिलेवरचा ९७-९८ हा एनओ संपर्क वापरा. ९५-९६ उघडतो तेव्हाच तो मिटतो. हे संपर्क थेट ३.३ व्होल्टच्या पिनला जोडले तर दोन अडचणी येतात. एवढ्या कमी व्होल्टेजला संपर्कावरचा काळा थर भेदता येत नाही. शिवाय शेजारच्या ४१५ व्होल्टच्या तारांमधून लांब वायरीत खोटे सिग्नल शिरतात. त्यामुळे संपर्कातून २४ व्होल्ट डीसी न्यायचे, ३.३ किलोओहमचा अर्ध्या वॅटचा रोधक लावायचा आणि पुढे पीसी८१७ ऑप्टोकपलर. साधारण ७ मिलिअँपिअर वाहतात, ते दोन्ही कामांना पुरतात. ऑप्टोच्या बाहेरच्या बाजूला १० किलोओहमचा पुल-अप लावला की संपर्क मिटल्यावर पिन ‘लो’ होते.

स्वस्त स्टार्टरच्या ओव्हरलोडला कधी ९७-९८ नसतोच. तेव्हा ९५ वर आणि ९६ वर व्होल्टेज आहे का, हे दोन एसी ऑप्टोंनी बघावं. ९५ वर आहे आणि ९६ वर नाही, म्हणजे ट्रिप.

सुरू करण्याचा भाग असा. यात `running()` कॉन्टॅक्टरच्या जादा ब्लॉकची पिन वाचतं आणि `tripLatched` ही ट्रिपची नोंद आहे:

```
bool startMotor() {
  if (tripLatched) return false;
  if (running()) return true;
  digitalWrite(PERMIT, HIGH);
  delay(100);
  if (!running()) {
    digitalWrite(START, HIGH);
    delay(400);
    digitalWrite(START, LOW);
    delay(200);
    if (running()) return true;
  }
  digitalWrite(PERMIT, LOW);
  return false;
}
```

यातले शेवटचे दोन `running()` मुद्दाम तिथे ठेवले आहेत. परवानगी दिल्यावर पल्स द्यायच्या आधीच मोटर सुरू झाली, तर स्टार्ट रिले चिकटली आहे किंवा हिरवं बटण अडकलं आहे. तशी मोटर चालू ठेवायची नाही. दुसरी तपासणी स्टार्ट रिले सुटल्यानंतरची आहे. पल्स चालू असतानाच तपासलं तर होल्डिंगची तार तुटलेली असली तरी ‘सुरू झाली’ असं उत्तर मिळेल.

चालू मोटर आपण न सांगता थांबली तर कंट्रोलरने आधी परवानगी काढावी, १०० मिलिसेकंद थांबावं आणि मग ट्रिपची पिन वाचावी. ट्रिप दिसला तर भार जास्त आहे, पंप जाम आहे किंवा एक फेज गेला आहे. कॉइल ज्या दोन फेजवर चालते त्यांच्यातला एक गेला तर कॉन्टॅक्टर बहुधा आपणच सुटतो. तिसरा गेला तर कॉइलला पत्ता लागत नाही आणि मोटर वाचवणं ओव्हरलोडवर येतं. म्हणून त्याची सेटिंग मोटरच्या पाटीवरच्या प्रवाहाएवढीच ठेवा. ट्रिप न दिसता मोटर थांबली, तर वीज गेली किंवा कुणी लाल बटण दाबलं.

ट्रिपची नोंद कंट्रोलरने फ्लॅश स्मृतीत ठेवावी. पुष्कळ स्टार्टरमध्ये लाल बटणच ओव्हरलोड रिसेट करतं. कुणी ते दाबलं की ९७-९८ उघडतो आणि पुरावा नाहीसा होतो. ही नोंद मोबाइलवरून पुसण्याची सोय देऊ नका. पट्टी दोन-चार मिनिटांत थंड होते, मोटरची वाइंडिंग तेवढ्यात होत नाही. लांबून तीन-चार वेळा रिसेट करून चालवलेली मोटर थेट रिवाइंडिंगच्या दुकानात जाते. त्याच कारणाने ओव्हरलोडवरचा रिसेटचा सिलेक्टर ‘ऑटो’वर नव्हे, ‘मॅन्युअल’वर हवा.

वीज परत आल्यावर लगेच मोटर सुरू करू नका. महावितरण ऑटोस्विच लावू नका असं सांगते ते याचसाठी: एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी सुरू झाल्या तर रोहित्रावरचा भार कित्येक पट होतो. प्रोग्राममध्ये दोन ते दहा मिनिटांची यादृच्छिक थांबणूक घाला.

कंट्रोलर कॉन्टॅक्टर सुटतानाच रिसेट होत असेल तर दोष कॉइलच्या झटक्याचा आहे. २३० व्होल्टच्या कॉइलवर १०० ओहमचा रोधक आणि ०.१ मायक्रोफॅरडचा, एक्स२ प्रकारचा कपॅसिटर सिरीजमध्ये लावून तो जोड ए१-ए२ या कॉइलच्या टर्मिनलांवर बसवा. रिलेच्या संपर्कावर नको, कारण तिथे तो बंद अवस्थेतही सुमारे ७ मिलिअँपिअर सोडतो. रिसेटच्या वेळी पिन काही क्षण तरंगत्या असतात, म्हणून सक्रिय-हाय रिले घ्या आणि दोन्ही पिनांना १० किलोओहमचा पुल-डाउन लावा. सक्रिय-लो मॉड्यूल अशा क्षणी स्टार्टचा पल्स देऊ शकतं. वॉचडॉगही चालू ठेवा, म्हणजे प्रोग्राम अडकला तर कंट्रोलर रिसेट होईल आणि परवानगी सुटेल.

परवानगी काढूनही `running()` ‘ट्रू’च राहिलं आणि सिलेक्टर ऑटोवर असेल, तर कॉन्टॅक्टर चिकटला आहे किंवा परवानगीचीच रिले चिकटली आहे. लाल बटण दाबून मोटर थांबली तर रिले बदला. नाही थांबली तर एमसीबी पाडा आणि संपर्कांचा संच नवा बसवा. कानशीने घासून तो पुन्हा वापरू नका. मिश्रधातूचा थर निघून गेला की तो पहिल्यापेक्षा लवकर चिकटतो.