सरासरी २७ दिवस, पण एक नोंद २१० दिवसांची

मे-जूनमध्ये खान्देशात पीककर्जाची घाई असते. बाप गेला, सातबाऱ्यावर वारसांची नावं लागली नाहीत, तर बँक कर्ज देताना अडून बसते. तेव्हा 'फेरफाराला किती दिवस लागतील?' हा प्रश्न रास्तच असतो. उत्तर बहुतेक वेळा सरासरीत मिळतं.

समजा, चोपडा तालुक्यातल्या एका तलाठी सजेत २० बिनतक्रारी फेरफार नोंदी प्रलंबित आहेत आणि ३० दिवसांत त्या निकाली काढायचं लक्ष्य आहे. अर्ज आल्यापासून आजपर्यंतचे दिवस असे: ३, ४, ५, ६, ८, ९, १०, ११, १२, १३, १४, १५, १६, १८, १९, २१, २४, २७, ९५, २१०. सरासरी येते बरोबर २७. अहवाल म्हणेल, सगळं मुदतीत! पण २७ दिवस ताटकळलेला अर्जदार एकच आहे. १७ जण त्याहून कमी थांबलेत आणि दोघं कितीतरी जास्त. शिवाय हरकतींसाठी १५ दिवसांची नोटीस असते, त्यामुळे १४ दिवसांपर्यंतच्या ११ नोंदींना उशीर झाला असं म्हणताच येत नाही.

सीईटीमुळे पर्सेंटाइल घरोघरी माहीत आहे. इथे ते असं काढायचं: दिवस चढत्या क्रमाने लावा आणि २० पैकी १८वा आकडा बघा. तो ९०वा पर्सेंटाइल, म्हणजे २७ दिवस. ९५वा म्हणजे १९वा आकडा, ९५ दिवस. एवढ्या एका पायरीवर उडी केवढी! रांगेचं शेपूट कुठे अडकलंय, ते इथे दिसतं.

पण खरी गंमत पुढे आहे. पीककर्जाच्या गर्दीत काल आणखी २० अर्ज आले. आज त्यांचं वय एक दिवस. जुन्यांची वयं तीच धरू. सरासरी २७ वरून १४ वर आली, एकही नोंद मंजूर न होता! आणि ९०वा पर्सेंटाइलही २७ वरून २१ वर घसरला. नवे अर्ज आले की प्रलंबित यादी तरुण दिसते, म्हणून तिचा पर्सेंटाइल एकटा वाचू नये. दोन आकडे मात्र हलले नाहीत: मुदत ओलांडलेल्या नोंदी २, सर्वात जुनी २१० दिवसांची. माझ्या मते अहवालात आधी हेच हवेत.

त्याहून चांगली रीत म्हणजे महिन्याची तुकडी धरणं. मेमध्ये आलेल्या सगळ्या अर्जांपैकी किती टक्के ३० दिवसांत निकाली निघाले? जूनच्या गर्दीने हे उत्तर पातळ होत नाही, आणि अडकलेला अर्जही हिशेबातून सुटत नाही. फक्त निकाली निघालेल्यांचीच सरासरी काढली, तर २१० दिवसांचा अर्ज मंजूर होईपर्यंत त्यात दिसणारच नाही. मंजूर झाला की उलट आकडा बिघडवेल. म्हणजे जुनं काम उपसणाऱ्या तलाठ्यालाच बोल लागायचा.

एक पळवाट मात्र उरते. २९व्या दिवशी 'त्रुटी' काढून अर्ज परत पाठवायचा. तो पुन्हा आला की मोजणी शून्यापासून. म्हणून दिवस मोजायचे ते पहिल्या अर्जाच्या पोचपावतीच्या तारखेपासून, आणि त्रुटीत गेलेले दिवस वेगळ्या रकान्यात दाखवायचे.