साठ-चाळीसचं प्रमाण आपोआप टिकत नाही

समजा, १९९५ सालच्या पहिल्या दिवशी दोन जणांनी अगदी सारखी गुंतवणूक केली. प्रत्येकाकडे १०० एकक पैसे होते. त्यातले ६० अमेरिकेतल्या एस अँड पी ५०० निर्देशांकातल्या शेअरांमध्ये गेले आणि ४० तिथल्याच चांगल्या प्रतीच्या रोख्यांच्या व्यापक निर्देशांकात. लाभांश आणि व्याज जिथल्या तिथे पुन्हा गुंतवायचं ठरलं. पहिल्याने त्यानंतर काही केलं नाही. दुसऱ्याने दर वर्षाच्या शेवटी एकच काम केलं : वाढलेला भाग थोडा विकून मागे पडलेला भाग घेतला आणि प्रमाण पुन्हा ६०-४० वर आणलं. यालाच रिबॅलन्सिंग म्हणतात. ही माणसं काल्पनिक आहेत, पण पुढचे आकडे त्या निर्देशांकांच्या खऱ्या वार्षिक परताव्यांवरून काढले आहेत. खर्च आणि कर तेवढे बाजूला ठेवले आहेत.

पहिल्या वर्षी शेअर ३७.६ टक्के वाढले आणि रोखे १८.५ टक्के. वर्षअखेरीस ६० चे साधारण ८२.६ झाले, ४० चे ४७.४. एकूण १३०. शेअरांचा वाटा आता साडेत्रेसष्ट टक्के झाला होता. दुसऱ्या गुंतवणूकदाराने सुमारे ४.६ एककांचे शेअर विकून रोखे घेतले. एवढंच. एका वर्षाची दुरुस्ती बहुतेक वेळा इतकीच किरकोळ असते, आणि म्हणूनच ती टाळावीशी वाटते.

पण पुढची चार वर्षंही शेअर दरवर्षी वीस टक्क्यांहून जास्त वाढत राहिले. १९९९ च्या अखेरीस काहीही न करणाऱ्याकडे २६९ एकक होते, दरवर्षी प्रमाण सांभाळणाऱ्याकडे २५१. या टप्प्यावर कोणीही म्हटलं असतं की पहिलाच शहाणा ठरला. फरक दुसरीकडे होता. पहिल्याच्या पोर्टफोलिओत शेअरांचा वाटा ७८ टक्क्यांवर गेला होता. इतकी जोखीम घ्यायची, असा निर्णय त्याने कधीच घेतला नव्हता. जो भाग जास्त वाढतो त्याचं वजन आपसूक वाढत जातं, तसं ते वाढलं.

जोखीम किती वाढली, हे मोजता येतं. शेअरांच्या किमतीचे वर्षभरातले चढउतार रोख्यांच्या साधारण तिप्पट असतात असं धरू, आणि दोघांच्या हालचालींचा एकमेकांशी संबंध नाही असंही धरू. चढउतारांचा वर्ग म्हणजे विचरण. त्याची बेरीज मांडली, तर ६०-४० च्या पोर्टफोलिओतलंही जवळपास ९५ टक्के विचरण एकट्या शेअरांकडून येतं. पैसे ६० टक्के, पण अस्थिरता जवळजवळ सगळी! म्हणजे पोर्टफोलिओ किती हेलकावे खाणार, हे शेअरांचा वाटाच ठरवतो. तो ६० वरून ७८ वर गेला की त्याच गृहीतकांवर एकूण चढउतार सव्वा पटीहून थोडे जास्त होतात. रिबॅलन्सिंग करताना आपण खरं तर हा एक आकडा हातात धरून ठेवतो.

मग २००० ते २००२ अशी सलग तीन वर्षं शेअर पडले : ९.१ टक्के, ११.९ टक्के आणि २२.१ टक्के. रोखे मात्र तिन्ही वर्षं वाढले. २००२ च्या अखेरीस पहिल्याचे २६९ वरून २०९ झाले, म्हणजे २२ टक्क्यांची घट. दुसऱ्याचे २५१ वरून २१८ झाले, घट १३ टक्के. पहिल्याचा शेअरांचा वाटा तेव्हा पुन्हा ६३ टक्क्यांवर आला होता. जे काम त्याने आठ वर्षं केलं नाही, ते बाजाराने त्याच्यासाठी केलं, पण त्याची किंमत वसूल करून.

इथे थांबून एक गैरसमज दूर करायला हवा. दुसऱ्याकडे शेवटी जास्त पैसे उरले म्हणून रिबॅलन्सिंगने परतावा वाढतो, असा निष्कर्ष काढणं चुकीचं आहे. हीच तुलना १९९९ ला थांबवली असती, तर उत्तर उलट आलं असतं. आंद्रे पेरोल्ड आणि विल्यम शार्प या वित्त-अभ्यासकांनी १९८८ मध्ये हा मुद्दा नेमका मांडला : स्थिर प्रमाण राखणारी पद्धत वर-खाली होऊन परत जागेवर येणाऱ्या बाजारात फायद्याची ठरते, आणि एकाच दिशेने लांबवर जाणाऱ्या बाजारात मागे पडते, मग ती दिशा वरची असो वा खालची. दीर्घकाळात शेअर रोख्यांपेक्षा जास्त परतावा देत असतील, तर त्यातलं थोडं आपण दरवर्षी सोडून देतो. हा जोखमीच्या मर्यादेचा हप्ता आहे, आणि तो जाणूनबुजून भरायचा असतो.

मग वर्षातून एकदाच का? दर महिन्याला केलं तर व्यवहारखर्च आणि कर वाढतात. शिवाय किमतींचा कल बऱ्याचदा काही महिने टिकतो, त्यामुळे वारंवार दुरुस्ती करणारा चढत्या बाजारात फार लवकर विकतो आणि पडत्या बाजारात फार लवकर घेतो. उलट पाच-सहा वर्षं थांबलं तर वाटा किती सरकतो, ते वर दिसलंच. वर्ष हा काही जादूचा आकडा नाही. पण तारीख आधी ठरलेली असली की बाजाराकडे बघून ती पुढे ढकलण्याचा मोह कमी होतो. अनेक जण त्याला एक अट जोडतात : त्या तारखेला वाटा लक्ष्यापासून पाच टक्के-अंकांहून कमी सरकला असेल तर हात लावायचा नाही. ही अट मला सुज्ञ वाटते.

प्रत्यक्ष करताना विक्री शेवटी ठेवावी. समजा १०० एककांत शेअर ६४ झालेत. नवी बचत येणार असेल, तर तिचे पावणेसात एकक फक्त रोख्यांत टाकले तरी प्रमाण ६०-४० होतं. काहीच विकावं लागत नाही आणि विक्रीवरचा करही उद्भवत नाही. हिशेब सोपा आहे : ६४ ला ०.६ ने भागा, १०६.७ येतात, तेवढं एकूण व्हायला हवं. मिळालेलं व्याज आणि लाभांश आपोआप न गुंतवता याच कामी लावता येतात.

सगळ्यात जड जातं ते घसरणीतलं वर्ष. २००२ मध्ये दुसऱ्याचा शेअरांचा वाटा वर्षअखेरीस ५१ टक्क्यांवर आला. नियमानुसार त्याला, सलग तिसऱ्या पडझडीनंतर, चांगले चाललेले रोखे विकून शेअर घ्यायचे होते. बरेच जण तेजीत नियम पाळतात आणि नेमके इथे थांबतात. मग प्रत्येक मंदीनंतर पोर्टफोलिओत शेअर ठरवल्यापेक्षा कमी राहतात, आणि पुढच्या चढावात असे गुंतवणूकदार मागे पडतात. ही चूक ओळखायला शेवटच्या दोन-तीन घसरणींतल्या आपल्या नोंदी पाहाव्यात : तेव्हा शेअरांची खरेदी झाली होती का?

या साधनाची मर्यादा २०२२ ने स्पष्ट दाखवली. व्याजदर झपाट्याने वाढले, आणि अमेरिकेत शेअर १८ टक्के पडले तेव्हा रोखेही १३ टक्के पडले. ६०-४० चा पोर्टफोलिओ १६ टक्क्यांनी घटला, पण शेअरांचा वाटा मात्र साडेअठ्ठावन्न टक्क्यांवरच राहिला. दुरुस्त करण्यासारखं जवळपास काही नव्हतंच. वाटा सरकल्यामुळे वाढणारी जोखीम रिबॅलन्सिंग आवरतं. दोन्ही भाग एकत्र पडतात तेव्हाची जोखीम मूळ प्रमाण ठरवतानाच विचारात घ्यावी लागते.