सीजीपीएवरून काढलेली टक्केवारी पडताळताना : श्रेयांकांचा भार कुठे चुकतो

अर्जात भरलेली टक्केवारी आणि संस्थेच्या प्रमाणपत्रावरची टक्केवारी जुळत नाही, अशी अडचण घेऊन आमच्या कार्यालयात येणाऱ्या ग्राहकांची कागदपत्रे पाहिली असता, टक्केवारीचे सूत्र बहुधा बरोबरच वापरलेले आढळते. चूक त्याच्या आधीच्या पायरीत, म्हणजे सीजीपीए काढण्यात झालेली असते. म्हणून ही पडताळणी शेवटच्या सूत्रापासून न करता श्रेयांकांपासून, म्हणजेच क्रेडिटपासून, सुरू करावी असे आम्ही आग्रहाने सांगतो.

जेथे संस्थेचा नियम ‘श्रेयांकांनुसार भारित सरासरी’ असे म्हणतो, तेथे प्रत्येक सत्राचा एसजीपीए त्या सत्राच्या श्रेयांकांनी गुणायचा, सर्व गुणाकारांची बेरीज करायची आणि तिला एकूण श्रेयांकांनी भागायचे असते. सत्रांच्या एसजीपीएंची साधी सरासरी काढणे हे या नियमात बसत नाही. सर्व सत्रांचे श्रेयांक समान असतील तरच दोन्ही उत्तरे हमखास एक येतात, आणि त्यामुळेच ही चूक अनेकदा लक्षात येत नाही.

चार सत्रांचे एक उदाहरण घेऊ. संस्थेचे सूत्र ‘सीजीपीएमधून ०.७५ वजा करून १० ने गुणावे’ असे आहे, असे धरू.

```
सत्र    श्रेयांक   एसजीपीए   गुणाकार
१        २४       ६.५०      १५६
२        २४       ७.००      १६८
३        २०       ८.००      १६०
४        १२       ९.००      १०८
एकूण     ८०                 ५९२
```

५९२ भागिले ८० म्हणजे ७.४०, आणि सूत्राप्रमाणे टक्केवारी ६६.५० येते. साधी सरासरी मात्र ७.६२५ येते आणि टक्केवारी ६८.७५ होते. केवळ १२ श्रेयांकांच्या शेवटच्या सत्राला २४ श्रेयांकांच्या पहिल्या सत्राइतकेच वजन मिळाल्याने हा सव्वादोन टक्क्यांचा फरक पडला आहे. प्रत्येक सत्राची टक्केवारी आधी काढून तिला श्रेयांकांचा भार दिला, तरी उत्तर ६६.५० च येते, कारण हे सूत्र सर्व सत्रांना एकच वजाबाकी आणि एकच गुणाकार लावते. पडताळणीचा दुसरा मार्ग म्हणून तो उपयोगी पडतो. संस्था सूत्राऐवजी टप्प्यांचा तक्ता वापरत असेल, तर मात्र क्रम बदलल्यास उत्तरही बदलू शकते, आणि तेथे संस्थेने सांगितलेलाच क्रम पाळावा लागतो.

आता भाजकाकडे, म्हणजे एकूण श्रेयांकांकडे, पाहावे. आमच्या मते सर्वाधिक काळजी येथेच घ्यावी लागते. काही विषयांना श्रेणीगुण नसतात, त्यांच्यापुढे फक्त ‘उत्तीर्ण’ असे लिहिलेले असते. वरील विद्यार्थ्याने असा ३ श्रेयांकांचा एक विषय पूर्ण केला असेल आणि संस्थेचा नियम तो गणनेत धरत नसेल, तरी गुणपत्रिकेवर मिळवलेले श्रेयांक ८३ दिसू शकतात. ५९२ ला ८३ ने भागल्यास ७.१३ येतात, टक्केवारी ६३.८० वर घसरते, आणि विद्यार्थ्याचे विनाकारण नुकसान होते.

भाजक योग्य आहे की नाही, हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. छापलेल्या सीजीपीएला तुम्ही धरलेल्या श्रेयांकांनी गुणावे. ७.४० गुणिले ८० म्हणजे ५९२, आणि विषयवार गुणाकारांची बेरीजही तेवढीच आहे. ८३ ने गुणल्यास ६१४.२ येतात, जे त्या बेरजेशी मुळीच जुळत नाहीत. सीजीपीए दोन दशांशांपर्यंत छापलेला असल्यामुळे ८० श्रेयांकांवर ०.४ पर्यंतचा फरक स्वाभाविक मानावा. त्याहून मोठा फरक दिसला, तर एखादा विषय गळला आहे किंवा दोनदा मोजला गेला आहे का, हे पाहावे. नापास होऊन पुन्हा दिलेल्या विषयाचे श्रेयांक दोनदा धरले जाण्याची चूक आम्हाला वारंवार दिसते.

दशांशांबाबतही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २४ श्रेयांकांच्या सत्रात गुणाकारांची बेरीज १८८ असेल, तर एसजीपीए ७.८३ छापला जातो, पण ७.८३ गुणिले २४ करून १८७.९२ च मिळतात. म्हणून शक्य असेल तेथे विषयवार श्रेणीगुणांवरून बेरीज करावी आणि दशांश फक्त शेवटी, संस्थेच्या नियमाप्रमाणे मर्यादित करावेत.

तुमचे गणित आणि संस्थेचे प्रमाणपत्र यांत तरीही फरक राहिला, तर अर्जात स्वतःचा आकडा भरू नये. कोणते विषय आणि किती श्रेयांक धरले, याचे लेखी स्पष्टीकरण परीक्षा विभागाकडे मागावे, आणि त्या अर्जासोबत वरीलप्रमाणे सत्रवार तक्ता जोडावा, म्हणजे तपासणाऱ्या लिपिकाला नेमकी कोणती ओळ पाहायची हे लगेच कळते.