सरासरी सारखी, उपाय वेगळे

भोसरीतल्या एखाद्या लहान वर्कशॉपमध्ये बिडाचे सुटे भाग कातणारा एक लेथ आहे असे समजा. त्याच्या ब्रेकडाउन रजिस्टरवरून असे दिसते की मोटरचा व्ही-बेल्ट आधी 1,450 तास चालून तुटला, मग अनुक्रमे 1,600, 1,520 आणि 1,580 तासांनी. त्याच मोटरची वीज जोडणारा-तोडणारा कॉन्टॅक्टर मात्र 200, 2,900, 650 आणि 2,400 तासांनी बिघडला. दोन्हींची सरासरी काढली तर ती नेमकी सारखीच, म्हणजे साधारण 1,540 तास येते, आणि केवळ सरासरीवर वेळापत्रक आखणारा मनुष्य येथेच फसतो.

बेल्टचे आकडे एकमेकांना चिकटून आहेत, म्हणजे तो वापरासोबत झिजत आहे. तो 1,350 तासांना बदलला तर बहुतेक वेळा तुटण्याआधीच निघेल. कॉन्टॅक्टरचे आकडे विखुरलेले असल्याने त्याचा बिघाड वयाशी बांधलेला दिसत नाही. तो ठराविक मुदतीने बदलल्यास चांगला भाग फेकला जाईल आणि नव्या जोडणीत स्क्रू सैल राहण्याचा धोका तेवढा वाढेल. 200 तासांचा बिघाड तसाच असण्याची शक्यता आहे. त्याच्यासाठी एक सुटा नग कपाटात ठेवणे आणि वीज तोडून टर्मिनल तपासणे पुरेसे आहे. (चार नोंदी हा पुरावा तोकडाच आहे, पण काहीच नसण्यापेक्षा बरा.)

आता समजा, उत्पादकाच्या पुस्तिकेत बेल्टसाठी 2,000 तास लिहिले आहेत. हा आकडा योग्य ताण आणि स्वच्छ जागा गृहीत धरून दिलेला असतो. आपला बेल्ट त्याआधी तुटत असेल, तर मुदत घटवण्यापूर्वी उतरवलेला बेल्ट हातात घेऊन पाहावा: एकच कड झिजली असेल तर दोन्ही पुली एका रेषेत नाहीत, बाजू काचेसारख्या चकाकत असतील तर बेल्ट सैल राहून घसरत होता, आणि दोन्ही बाजू सारख्याच खरवडल्या असतील तर बिडाच्या धुळीवर संशय घ्यावा. पहिली दोन कारणे दुरुस्त होतात. धूळ पूर्णपणे हटत नसेल तरच 1,350 तास कायम करावेत.

तासांचे दिवसांत रूपांतर करताना शिफ्टचे नव्हे, अवरमीटरचे तास धरावेत. महिन्याला 208 तासांच्या शिफ्टमध्ये मोटर 125 तासच फिरत असेल, तर 1,350 तास भरायला जवळजवळ अकरा महिने लागतात, आणि बेल्ट बदलण्याचे काम त्या सुमाराच्या साप्ताहिक सुट्टीला जोडता येते. वॉरंटी असेपर्यंत मात्र पुस्तिकेतली मुदत ओलांडू नये.

वेळापत्रक लागू पडले की ब्रेकडाउनच्या नोंदी आटतात, आणि मुदत बरोबर आहे की उगाच लवकर आहे हे रजिस्टरवरून कळेनासे होते. म्हणून न तुटता काढलेल्या बेल्टचीही नोंद हवी: अवरमीटरचा आकडा, कडांची स्थिती, भेगा. लागोपाठ दोन बेल्ट चांगल्या स्थितीत निघाले, तर पुढचा शंभर तास जास्त चालवून पाहावा.