दाखल रुग्णाची हिस्टरी

रुग्ण वॉर्डात दाखल झाल्यावर वैद्यकीय विद्यार्थी त्याच्याशी बोलून जी लेखी हकीकत तयार करतो, तिला वॉर्डात ‘हिस्टरी’ म्हणतात. सुरुवातीला नाव, वय, व्यवसाय आणि माहिती कोणी दिली हे येते. मग मुख्य तक्रारी, ज्या क्रमाने सुरू झाल्या त्याच क्रमाने आणि प्रत्येकीचा कालावधी देऊन लिहितात. त्यानंतरचा भाग म्हणजे सध्याच्या आजाराची हकीकत. ‘रुग्ण अमुक दिवसांपूर्वीपर्यंत ठणठणीत होता’ या ठरावीक वाक्याने ती सुरू होते आणि विद्यार्थी सहसा इथेच चुकतो.

कारण रुग्ण तारखा सांगत नाही. ‘तीन-चार दिवस झाले’, ‘काल-परवापासून’ असे तो म्हणतो, आणि बोलण्यातला ‘परवा’ कधी कधी आठवडाभर मागेही जातो. म्हणून आठवणीला खुंटी लागते: बाजाराचा दिवस, उपवास, पगार, कामावर शेवटचे कधी गेला.

डेंग्यूच्या संशयात हे नीट दिसते. समजा, चौतीस वर्षांचा एक गवंडी शुक्रवारी दुपारी दाखल झाला. तो म्हणतो, ‘ताप होता, पण गेला. आता पोट दुखतंय.’ विद्यार्थ्याने ‘पोटदुखी, एक दिवस’ एवढेच लिहिले, तर आजाराची दिशाच हरवते. खोदून विचारल्यावर कळते की रविवारी आठवडी बाजारातून परतल्यावर संध्याकाळी थंडी वाजून ताप भरला. सोमवारपासून अंग ठणकत होते. बुधवारपर्यंत गोळीपुरता ताप उतरायचा. गुरुवारी सकाळपासून गोळी न घेताही ताप आला नाही. शुक्रवारी पहाटेपासून पोटात सतत दुखते आहे, तीन उलट्या झाल्या आहेत आणि सकाळपासून लघवी एकदाच झाली आहे.

आता नोंद अशी होते: ‘ताप चार दिवस, गेला दीड दिवस नाही; पोटदुखी व उलट्या आज पहाटेपासून; आज आजाराचा सहावा दिवस.’ दिवस मोजायचे ते ताप सुरू झाल्यापासून, दाखल झाल्यापासून नव्हे. डेंग्यूत ताप उतरण्याच्या सुमारास रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू लागतो आणि पुढचे एक-दोन दिवस जोखमीचे असतात. पोटदुखी आणि पुन्हा पुन्हा होणाऱ्या उलट्या ही त्याची धोक्याची चिन्हे आहेत. रुग्णाला बरे वाटल्याचा दिवस म्हणूनच नोंदीत तारखेसह हवा. चाचणीचा अर्थही या मोजणीवर ठरतो. एनएस-१ ही रक्तात डेंग्यू विषाणूचे प्रथिन शोधणारी चाचणी साधारण पहिल्या पाच दिवसांत भरवशाची असते. सहाव्या दिवशी ती निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाही असे म्हणता येत नाही.

जे नाही तेही लिहावे लागते: हिरड्यांतून रक्त नाही, काळी शौच नाही, कावीळ नाही. आणि कोणती गोळी, शेवटची कधी, हे विचारावेच. ‘दुखण्याची गोळी’ म्हणजे पॅरासिटामॉलच असेल असे नाही. डायक्लोफेनॅक असेल तर रक्तस्रावाची भीती वाढते, शिवाय त्यानेही ताप दबतो. मग ‘ताप गेला’ ही तारीख डळमळीत होते. अशा वेळी वेष्टन मागून पाहणे बरे. ते बहुधा नातेवाइकाच्या पिशवीत सापडते.

तरीही काही दिवस जुळत नाहीत. आधी दोन दिवस नुसती कणकण होती की ताप, हे रुग्ण आणि त्याची बायको वेगवेगळे सांगतात. तेव्हा सोयीची तारीख न निवडता दोघांचे म्हणणे नावानिशी लिहितात.